‘का’ विचारायचे की ‘ना’?

‘जेवलास का?’ आणि ‘जेवलास ना?’ या दोन वाक्यांत फरक फक्त एका अक्षराचा आहे. घरात दिवसभरात आपण ही दोन्ही वाक्ये कितीतरी वेळा बोलतो आणि त्यांच्यात काही वेगळे आहे, असे मनातही येत नाही. पण ऐकणाऱ्याला ते वेगळेपण बरोबर कळते. पहिल्या प्रश्नाला तो सहज ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना थोडा अडखळतो, आणि बहुतेक वेळा लगेच कारणही सांगू लागतो: ‘नाही, म्हणजे आत्ता बसतच होतो.’

हे असे का होते, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. कारण घरातले गैरसमज, दवाखान्यात दिलेली चुकीची उत्तरे आणि कधीकधी मुलीच्या लग्नाचा होकारसुद्धा या एका अक्षरावर अडून राहतो.

एका अक्षराचा फरक

‘जेवलास का?’ असे विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसते. ‘हो’ आले काय आणि ‘नाही’ आले काय, त्याला दोन्ही सारखेच. ‘जेवलास ना?’ म्हणणाऱ्याने मात्र उत्तर आधीच मनाशी धरलेले असते. तू जेवला असशील, असे त्याला वाटते किंवा जेवलेला असावास, अशी त्याची इच्छा असते. त्याला फक्त दुजोरा हवा असतो. म्हणून या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे म्हणजे नुसते उत्तर देणे नव्हे. समोरच्याचा अंदाज किंवा त्याची इच्छा मोडणे. अडखळायला होते ते त्यामुळे.

याची परीक्षा घरीच करून पाहता येते. प्रश्नाच्या पुढे ‘मला माहीत नाही म्हणून विचारते’ हे वाक्य जोडा. ‘जेवलास का? मला माहीत नाही म्हणून विचारते’ हे सरळ लागते. ‘जेवलास ना? मला माहीत नाही म्हणून विचारते’ हे कानाला खटकते, कारण ‘ना’ म्हणतो की मला माहीत आहे, आणि पुढचे वाक्य म्हणते की माहीत नाही.

आता तिसरे वाक्य घ्या: ‘जेवला नाहीस का?’ यात आश्चर्य आहे, थोडा ठपकाही आहे. एव्हाना जेवायला हवे होते, अजून कसा नाही जेवलास, असा त्याचा सूर. चौथे वाक्य: ‘जेवलास का नाही?’ इथे ‘का’ म्हणजे ‘किंवा’. दोन्ही उत्तरे समोर मांडून एक निवडायला सांगितले आहे, आणि आवाज थोडा चढला की यात धाक येतो. आई स्वयंपाकघरातून ‘येतोस का नाही?’ म्हणाली की तो प्रश्न राहिलेला नाही, हे कोणत्याही मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

काही मागताना हाच क्रम दिसतो. ‘जरा पाणी देतेस का?’ ही विनंती आहे. समोरची व्यक्ती कामात असेल, तर तिला ‘थांबा, पाच मिनिटांत देते’ म्हणायला जागा आहे. ‘पाणी देतेस ना?’ यात आधी सांगितले होते, अजून आले नाही, अशी आठवण आहे. ‘पाणी दे ना’ यात लाडाची किंवा काकुळतीची विनवणी आहे. मुले आईला, बहिणी भावाला, नवराबायको एकमेकांना असे म्हणतात. साहेबाला कोणी ‘सही करा ना’ म्हणाले तर ते सलगीचे वाटते. पाणी तेच, मागणारा तोच. बदलला आहे तो शेवटचा छोटा शब्द आणि त्याबरोबर दोघांमधले अंतर.

‘का’ कुठे बसतो?

मराठीत ‘का’ दोन कामे करतो. वाक्याच्या शेवटी आला तर हो-नाहीचा प्रश्न होतो: ‘तू आलास का?’ क्रियापदाच्या आधी आला तर तो कारण विचारतो: ‘तू का आलास?’ बोलताना आपण ही गल्लत करत नाही, कारण कान तयार असतो. पण ज्या घरात आपसात उर्दू किंवा दखनी बोलली जाते आणि मराठी शाळेत किंवा बाजारात येते, तिथल्या मुलांची इथे हमखास फसगत होते.

कारण सोपे आहे. पुस्तकी उर्दूत हो-नाहीच्या प्रश्नाचा ‘क्या’ सुरुवातीला येतो: ‘क्या आप आएँगे?’ मुलाने मनात ‘क्या’चा ‘का’ केला आणि जागा तीच ठेवली, तर वाक्य होते, ‘का तुम्ही येणार?’ त्याला विचारायचे होते, येणार आहात का. ऐकणाऱ्याला ऐकू आले, तुम्ही कशाला येता! मूल बिचारे आदराने बोलत असते आणि समोरच्याला ते उद्धट वाटते. गंमत अशी की, मुंबईच्या बोलीत आणि दखनीत हाच ‘क्या’ सर्रास शेवटी जातो: ‘आता क्या?’, ‘खाना खाया क्या?’ मराठीच्या शेजारात राहून तो मराठीच्या ‘का’च्या जागी जाऊन बसला आहे. ‘नको’वरून आलेला दखनीचा ‘नक्को’ किंवा ‘मैंच’, ‘यहींच’मधला ‘च’ हाही याच शेजाराचा. तेव्हा मुलाला शिकवताना उर्दूचे पुस्तक बाजूला ठेवून ‘खाना खाया क्या?’ हे वाक्य धरा. ‘क्या’ काढा, ‘का’ ठेवा, जागा बदलू नका: ‘जेवण झालं का?’ मुले हे दोन दिवसांत उचलतात.

नकार आला की गुंता वाढतो. ही तीन वाक्ये एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहा: ‘तू आला नाहीस का?’ ‘तू का आला नाहीस?’ ‘तू आलास का नाही?’ शब्द जवळजवळ तेच आहेत. पहिल्यात आश्चर्य, दुसऱ्यात कारणाची विचारणा, तिसऱ्यात सरळ निवड किंवा धाक. ‘का’ने जागा बदलली की प्रश्नच बदलतो. मराठी शिकणाऱ्या सुनेला किंवा नातवाला ही तीन वाक्ये आवाजासकट ऐकवली, तर नियमाचे पानभर स्पष्टीकरण करावे लागत नाही.

‘हो ना’ आणि ‘हो का’

आता प्रश्नाकडून उत्तराकडे येऊ. उत्तरात हेच दोन शब्द आले की त्यांचे काम बदलते. ‘हो ना’ म्हणजे मलाही तसेच वाटते. ‘आज किती उकडतंय!’ असे शेजारीण म्हणाली आणि आपण ‘हो ना’ म्हणालो, म्हणजे आपण तिच्या बाजूला जाऊन बसलो. ‘हो का?’ म्हणजे मला हे माहीत नव्हते, आत्ता कळले. यात कुतूहल असते, पण आपण समोरच्याच्या बाजूला गेलेलो नसतो. त्याचे बोलणे अजून तपासतो आहोत. आवाज चढता असेल तर ते खरे कुतूहल वाटते. आवाज सपाट असेल तर ‘बरं, असेल’ एवढाच अर्थ उरतो. आणि ‘क’वर जोर देऊन ‘हो क्का!’ म्हटले की ती सरळ थट्टा किंवा टोमणा.

म्हणजे समोरासमोर बोलताना या दोन अक्षरांचा अर्थ निम्मा आवाजात असतो. मोबाईलवरच्या संदेशात आवाज नसतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

एक साधी जागा पाहू. सुनेने सासूला संदेश पाठवला: ‘अम्मी, आज मला बरं नाही, रविवारी यायला जमणार नाही.’ सासू चुलीपाशी होती. एका हाताने तिने उत्तर लिहिले: ‘हो का’. तिच्या मनात होते, अगं बाई, काय झाले? आवाज असता तर तो शेवटी वर गेला असता आणि काळजी ऐकू आली असती. पण पडद्यावर फक्त दोन शब्द आहेत, पुढे प्रश्नचिन्हही नाही. सुनेने ते सपाट आवाजात वाचले: असं का, बरं, कळलं. मग तिच्या मनात आले, अम्मींना हा बहाणा वाटला. रविवारी दोघी फोनवर बोलल्या तेव्हा दोघींच्याही आवाजात अंतर होते आणि कारण एकीलाही सांगता येईना.

यावरचा उपाय लांबलचक लिहिणे हा नाही. ‘हो का’ किंवा ‘हो ना’ एकटे पाठवू नये, एवढेच पुरते. पुढे एक साधे वाक्य जोडले की आवाजाचे काम ते करते: ‘हो का? काय होतंय?’ किंवा ‘हो का, मग आराम कर.’ प्रश्नचिन्हही कंजूषपणा न करता द्यावे. ‘पोहोचलास ना’ आणि ‘पोहोचलास ना?’ यांत फरक आहे. चिन्ह नसलेले पहिले वाक्य, ‘पोहोचलास ना, मग फोन करायला काय झालं होतं?’ याची सुरुवात वाटू शकते.

कारण ‘ना’ला एक तिसरा सूरही आहे, आणि तो तक्रारीचा. ‘मी सांगितलं ना!’, ‘आलो ना आता!’, ‘देतोय ना!’ इथे प्रश्न मुळीच नाही. माझे म्हणणे तुला आधीच कळायला हवे होते, असा त्याचा अर्थ. दखनी-हिंदीतला ‘बोला ना मैं!’ नेमका हाच. समोरच्याला माहीत असलेच पाहिजे, हे ‘ना’चे मूळ म्हणणे या वाक्यातही आहे, फक्त इथे ते खात्रीचे न राहता कंटाळ्याचे झाले आहे. म्हणून आवाज नसताना ‘ना’ असलेले छोटे वाक्य प्रेमाचे की वैतागाचे, हे वाचणाऱ्याच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर ठरते. तो आधीच धास्तावलेला असेल, तर वैतागच वाचेल.

‘हो’ म्हणजे नेमके काय?

‘ना’ आणि नकार एकत्र आले की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचे असते, तेव्हा प्रयोगशाळेत विचारतात: ‘रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?’ समोर साठीच्या दादी बसल्या आहेत. त्या म्हणतात, ‘हो.’

या ‘हो’चे दोन अर्थ होतात. मराठीत आणि उर्दूतही ‘हो’ किंवा ‘हाँ’ पुष्कळदा समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो: हो, तुमचे बरोबर आहे, काही खाल्ले नाही. पण ‘हो, खाल्लं की’ असाही अर्थ निघू शकतो. रक्त घेणारा घाईत असतो. त्याला जे ऐकायचे होते, तेच तो ऐकतो आणि सुई लावतो.

यात आणखी एक अडचण दडलेली आहे. समजा दादींनी ‘नाही’ म्हटले. तरी त्यांनी फजरनंतर साखरेचा अर्धा कप चहा घेतला असू शकतो. त्यांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे. प्रश्न ‘खाल्लं’चा होता आणि उत्तर खरेच होते. उपाशीपोटीच्या साखरेच्या तपासणीसाठी किमान आठ तास पाण्याशिवाय पोटात काही जायला नको असते. तो अर्धा कप चहा आकडा बिघडवायला पुरेसा आहे. शिवाय प्रश्नातल्या ‘नाही ना’ने त्यांना आधीच सांगून टाकले की, कोणते उत्तर अपेक्षित आहे. इतक्या सकाळी रिक्षा करून आल्यावर ‘चहा प्याले’ म्हणून परत जायचे, नातवाला पुन्हा एक दिवस सुट्टी घ्यायला लावायची, यापेक्षा समोरच्याला हवे ते उत्तर देणे सोपे वाटते. खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नसतो. प्रश्नच तसा घडवलेला असतो.

म्हणून नेमकी माहिती हवी असेल, तिथे ‘ना’ही नको आणि एकटा ‘का’ही पुरत नाही. ‘शेवटचं काय खाल्लं-प्यालं, आणि किती वाजता?’ असे विचारावे. याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देताच येत नाही; चहा आपोआप बाहेर येतो. औषधांचेही तसेच. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काल संध्याकाळची गोळी किती वाजता घेतली?’ म्हटले की खरे चित्र दिसते. आणि आपण उत्तर देणारे असू, तर असल्या प्रश्नाला नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नये, पूर्ण वाक्य बोलावे: ‘नाही, काहीच खाल्लं नाही’ किंवा ‘खाल्लं नाही, पण चहा घेतला.’

प्रश्न उत्तराला ढकलतो, ही गोष्ट न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखली आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात अशा प्रश्नाची वेगळी व्याख्याच होती: विचारणाऱ्याला जे उत्तर हवे आहे ते सुचवणारा प्रश्न, म्हणजे सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी करताना वकिलाने असा प्रश्न विचारला आणि समोरच्या वकिलाने हरकत घेतली, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो विचारता येत नाही. वाद नसलेल्या किंवा प्रास्ताविक गोष्टींपुरती त्याला मुभा असते. उलटतपासणीत मात्र तो चालतो, कारण तिथे साक्षीदार विचारणाऱ्याच्या बाजूचा नसतो आणि त्याच्या दबावाखाली सहसा येत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. ‘तुम्ही त्या दिवशी दुकानात होता ना?’ हा सूचक प्रश्न. ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ हा साधा प्रश्न. कायद्याची यामागची भीती हीच की आपल्या माणसाने ‘ना’ लावून विचारले की आपण त्याच्यासाठी ‘हो’ म्हणतो. हे लक्षात ठेवा, कारण घरात तर सगळी आपलीच माणसे असतात.

इंग्रजीतले ‘इझन्ट इट’

मुले इंग्रजी शाळेत जाऊ लागली की हा प्रश्न आणखी एका बाजूने येतो. इंग्रजीतही वाक्याच्या शेवटी ‘ना’सारखे शेपूट लावतात, पण ते प्रत्येक वाक्यागणिक बदलते. ‘तू येणार आहेस ना?’ हे ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’ होते. ‘तो गेला ना?’ हे ‘ही वेंट, डिडन्ट ही?’ होते. आधीचे वाक्य होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, आणि आधीचे नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी.

आपल्या ‘ना’ला, ‘नाही का’ला, उर्दूच्या ‘है ना’ला असे काही करावे लागत नाही. तो, ती, मी, आम्ही, काल, उद्या, सगळ्यांना एकच. म्हणून आपण इंग्रजीतही एकच शेपूट पकडतो आणि सगळीकडे लावतो: ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’, ‘ही वेंट, इझन्ट इट?’ किंवा सरळ ‘यू आर कमिंग, नो?’ भारतात एकमेकांशी बोलताना हे बिनदिक्कत चालते, सगळ्यांना कळते. परीक्षेच्या कागदावर आणि बाहेरच्या देशातल्या मुलाखतीत मात्र ते खटकते. मुलाला रागावण्यापेक्षा त्याला सांगावे की, तू मराठीचा ‘ना’ इंग्रजीत नेला आहेस. तिथे शेवटच्या शेपटासाठी वाक्यातले क्रियापद आणि कर्ता परत बोलवावे लागतात.

यापेक्षा महत्त्वाचा फरक उत्तरात आहे. ‘यू हॅवन्ट ईटन, हॅव यू?’ या प्रश्नाला न जेवलेला इंग्रज ‘नो’ म्हणतो, कारण तो प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीला उत्तर देतो: खाल्ले नाही, म्हणून ‘नो’. आपण बोलणाऱ्याच्या म्हणण्याला उत्तर देतो: तुमचे बरोबर, म्हणून ‘येस’. आखातात किंवा युरोपात नोकरीसाठी गेलेल्या मुलाला सुरक्षा तपासणीत कोणी विचारले, ‘तुमच्या बॅगेत कोणी दुसऱ्याने काही ठेवलेले नाही ना?’ आणि तो सवयीने ‘येस’ म्हणाला, तर त्याची बॅग उघडली जाईल, हे नक्की. इथेही उपाय तोच: एक शब्द बोलून थांबू नये, पूर्ण वाक्य बोलावे. ‘नो, आय पॅक्ड इट मायसेल्फ.’

होकार विचारताना

आता शेवटची आणि सर्वांत नाजूक जागा. घरात मुलीचे स्थळ आले आहे. मुलगा शिकलेला, घर चांगले, मामूंच्या ओळखीतले. दोन्हीकडचे येणेजाणे झाले. सगळ्यांना पसंत आहे. रात्री अम्मी मुलीजवळ बसून विचारते: ‘तुला पसंत आहे ना?’

हा प्रश्न नीट ऐका. ‘आहे ना’ने अम्मीने सांगून टाकले की आम्ही ‘हो’ धरले आहे. आता ‘नाही’ म्हणायचे तर मुलीला एका वाक्यात आईचा अंदाज, अब्बांची इच्छा आणि मामूंची ओळख, तिन्ही मोडायची आहेत, आणि तेही कारणासकट. ती मान खाली घालते. आई उठून बाहेर जाते आणि सांगते, लाजली, हो म्हणाली. लाजली की अडखळली, हे मुलीलाही त्या क्षणी नीट सांगता येणार नाही.

निकाहच्या दिवशी वकील दोन गवाहांसह मुलीकडे जातात, मुलाचे नाव, मेहर सांगतात आणि कबूल आहे का, असे विचारतात. तो प्रश्न नियमाने विचारला जातो. पण तोपर्यंत मांडव पडलेला असतो, पाहुणे आलेले असतात; तिथे मनातले ‘नाही’ बाहेर यायला फार थोडी जागा उरते. खरी विचारणा त्याच्या कितीतरी आधी, त्या रात्री झालेली असते. अविवाहित मुलीचे मौन ही तिची संमती समजावी, असे फिक्हमध्ये सांगितले आहे, ते तिला विचारल्यानंतरच्या मौनाबद्दल आहे. म्हणजे आधी विचारणे आले. ‘ना’ लावून बोलले की विचारणे कमी आणि कळवणे जास्त होते. ‘का’नंतरच्या मौनाचा काहीतरी अर्थ लावता येतो, ‘ना’नंतरचे मौन हे बहुतेक वेळा विचारणाऱ्याचाच आवाज असतो.

मग विचारायचे कसे? पहिली गोष्ट, दोन्ही उत्तरे प्रश्नातच ठेवावीत: ‘त्यांना होकार कळवायचा, की थांबायचं?’ इथे ‘थांबायचं’ हा शब्द मुद्दाम आहे. ‘नाही’ म्हणायला जड जाते. ‘थांबू या’ म्हणणे मुलीला जमते, आणि थांबण्यातून पुढचे बोलणे निघते. दुसरी गोष्ट, दोन प्रश्न एकत्र करू नयेत. ‘मुलगा चांगला आहे ना?’ याचे उत्तर ‘हो’ असू शकते आणि तरीही तिला त्याच्याशी लग्न करायचे नसेल. चांगला माणूस आणि माझ्यासाठी योग्य माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या विचाराव्यात.

तिसरी गोष्ट, मुलीने ‘नको’ म्हटले तर त्यावर पहिला शब्द ‘का?’ नको. तोच ‘का’, पण आता वाक्याच्या तोंडाशी येऊन कारण मागणारा: ‘का नको? काय वाईट आहे त्यात?’ हा प्रश्न ऐकताच मुलगी आरोपीच्या जागी जाते आणि आपली बाजू लढवू लागते, नाहीतर गप्प होते. त्याऐवजी ‘तुला काय खटकलं?’ असे विचारले, तर ती सांगते: मला नोकरी सोडावी लागेल असे ते म्हणाले, किंवा गाव फार लांब आहे. यातल्या काही गोष्टी बोलून सुटतात, काही सुटत नाहीत. पण निदान त्या निकाहच्या आधी कळतात.

आणि चौथी गोष्ट आवाजाची. ‘का’सुद्धा चुकीच्या आवाजात ‘ना’ होतो. ‘पसंत आहे का?’ हे हसऱ्या, घाईच्या सुरात, मिठाईचा बॉक्स हातात धरून विचारले तर त्याचा अर्थ ‘आहे ना’ असाच होतो. विचारून झाल्यावर थोडे थांबावे लागते. उत्तर यायला वेळ लागला तर तो वेळ मुलीचा आहे. आपल्याच होकाराने तो भरून काढू नये.

रोजच्या बोलण्यातून ‘ना’ काढून टाकावा, असे यात कुठेही नाही. ‘जेवलास ना?’ मधली माया ‘जेवलास का?’ मध्ये येत नाही. ‘बस ना थोडा वेळ’ म्हणणाऱ्या खालाचा तो ‘ना’ गेला तर घरातून काहीतरी कमी होईल. माया करायची, दुजोरा घ्यायचा, लाड करायचे, तिथे ‘ना’ शोभतो. जिथे समोरच्याच्या मनात काय आहे, हे खरोखर ऐकायचे आहे, तिथे ‘का’ विचारावा, शक्य तर दुसरे उत्तरही समोर ठेवावे आणि मग गप्प बसावे.